फॉर्म १६ आणि २६एएस जुळत नाहीत? कंपनीला दुरुस्तीचे पत्र कसे लिहावे

जून महिन्यात कंपनीकडून फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र, हातात येते, रिटर्न भरायला बसल्यावर २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा तक्ता, उघडला जातो आणि दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. पहिल्यांदाच नोकरीला लागलेला माणूस अशा वेळी एचआरला एका ओळीचा मेल टाकतो: ‘माझा फॉर्म १६ चुकला आहे, दुरुस्त करून द्या.’ आठवड्याने उत्तर येते की आम्ही तपासले, फॉर्म बरोबर आहे. गंमत म्हणजे दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात.

फॉर्म १६ ही एक छापील प्रत आहे. तिच्यामागचा मूळ कागद म्हणजे कंपनी दर तिमाहीला आयकर खात्याकडे भरते ते टीडीएसचे, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचे विवरणपत्र, फॉर्म २४क्यू. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावाची, पॅनची आणि कापलेल्या कराची एक ओळ कर भरल्याच्या प्रत्येक चलनाखाली असते. त्याच ओळींमधून तुमचा २६एएस भरतो आणि फॉर्म १६ चा भाग ‘अ’ खात्याच्या ट्रेसेस या पोर्टलवरून तयार होतो. म्हणून प्रत सुधारून उपयोग नाही, मूळ २४क्यू सुधारावा लागतो. पत्रात नेमके हेच मागायचे असते: अमुक तिमाहीचे दुरुस्ती विवरणपत्र भरा आणि त्यानंतर नवा फॉर्म १६ द्या.

आधी चूक कुठे आहे ते शोधा

तीन कागद समोर घ्या: बाराही महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६ आणि २६एएस. २६एएस आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवरून मिळतो:

```
e-File > Income Tax Returns > View Form 26AS
```

तिथून ट्रेसेसवर नेले जाते. तिथे करनिर्धारण वर्ष निवडायचे. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी करनिर्धारण वर्ष २०२५-२६ निवडावे लागते. मागचे वर्ष उघडून ‘जुळत नाही’ म्हणणारेही कमी नाहीत.

आता फॉर्म १६ खरा आहे का ते बघा. भाग ‘अ’ वर ट्रेसेसचे चिन्ह आणि प्रमाणपत्र क्रमांक असायला हवा. छोट्या कंपन्यांत कधीकधी लेखापाल पगाराच्या सॉफ्टवेअरमधूनच तसा दिसणारा कागद काढून देतो. अशा कागदावरचे आकडे कंपनीच्या वहीतले असतात, खात्याकडचे नसतात. त्यामुळे तो २६एएसशी जुळला नाही तर आश्चर्य नाही. अशा वेळी पहिली मागणी ट्रेसेसवरून काढलेल्या भाग ‘अ’ ची करा.

तो खरा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. ट्रेसेसचा भाग ‘अ’ आणि २६एएस एकाच मुळातून येतात, म्हणून ते बहुतेक वेळा एकमेकांशी जुळतातच. तफावत निघते ती या दोघांची सॅलरी स्लिपांशी, किंवा भाग ‘अ’ ची पगाराची फोड दाखवणाऱ्या भाग ‘ब’ शी. म्हणून स्लिपा बाजूला ठेवून चालत नाही. कर कापला गेल्याचा तुमच्या हातातला पुरावा स्लिपच आहे.

एक उदाहरण आकड्यांसह

समजा, महिना पगार १,०५,००० रुपये, म्हणजे २०२४-२५ या वर्षाचे १२,६०,०००. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर ११,८५,००० उरतात. त्यावर कर ७७,७५० आणि चार टक्के उपकर ३,११०, एकूण ८०,८६०. कंपनीने एप्रिल ते फेब्रुवारी दरमहा ६,७०० आणि मार्चमध्ये ७,१६० कापले. बेरीज बरोबर ८०,८६०.

२६एएसमध्ये मात्र एकूण ७४,८३० दिसतात. ६,०३० कमी.

आता तिमाहीवार बघा. पहिल्या आणि दुसऱ्या तिमाहीत २०,१०० आणि २०,१००, ठीक. चौथीत २०,५६०, तेही ठीक. तिसऱ्या तिमाहीत २०,१०० ऐवजी १४,०७०. चूक ऑक्टोबर ते डिसेंबर यांत आहे. भाग ‘अ’ च्या खालच्या बाजूला महिन्यागणिक चलनांचा तक्ता असतो: तुमच्या वाट्याची रक्कम, बँक शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, भरणा केल्याची तारीख, चलनाचा अनुक्रमांक आणि जुळणीची स्थिती. त्यात नोव्हेंबरच्या कपातीसमोर, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरलेल्या चलनासमोर, ६,७०० ऐवजी ६७० दिसतात. टंकताना एक शून्य राहिले.

हिशेबनिसांची एक जुनी खूण इथे कामाला येते. तफावतीच्या रकमेला नऊने पूर्ण भाग गेला, तर शून्य गळाले असेल किंवा दोन आकडे उलटसुलट झाले असतील असा संशय धरायचा. ६,०३० भागिले ९ बरोबर ६७०. नेमकी तीच चुकीची नोंद. भाग गेला म्हणजे चूक सिद्ध झाली असे नाही, पण कुठे बघायचे ते कळते.

असा महिना सापडल्यावरच पत्र लिहायला घ्या. ‘टीडीएस कमी दिसतो’ आणि ‘नोव्हेंबरच्या ओळीत ६,७०० ऐवजी ६७० नोंदले आहेत’ या दोन वाक्यांत दोन महिन्यांचा फरक पडू शकतो. पहिल्या वाक्यावर लेखा विभागात कुणाला तरी सगळे तपासत बसावे लागते. दुसऱ्यावर फक्त एक ओळ उघडायची असते.

चूक वेगळी असेल तर मागणीही वेगळी

रक्कम चुकली तर वरच्यासारखे. पण सगळी तिमाहीच गायब असेल आणि सहकाऱ्यांच्या २६एएसमध्ये मात्र ती दिसत असेल, तर पॅनची शंका घ्या. पॅनमध्ये दहा खुणा: पहिली पाच अक्षरे, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनचे चौथे अक्षर P आणि पाचवे आडनावाचे आद्याक्षर असते. O च्या जागी शून्य, I च्या जागी एक, किंवा दोन आकड्यांची अदलाबदल झाली की तुमचा कर दुसऱ्याच्या खात्यावर जातो, नाहीतर कुणाच्याच खात्यावर जात नाही. अशा वेळी पत्रात चुकलेला आणि बरोबर असे दोन्ही पॅन एकाखाली एक लिहा आणि पॅन कार्डाची प्रत जोडा. चुकीचा पॅन तुम्हाला माहीत नसेल तर ‘आपल्या विवरणपत्रात माझ्या नावासमोर नोंदलेला पॅन तपासावा’ एवढे पुरे.

सहकाऱ्यांचीही तिमाही दिसत नसेल, तर कंपनीने ते विवरणपत्रच भरलेले नाही किंवा कराचा भरणाच केलेला नाही. मग दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही, मूळ विवरणपत्र आणि भरणा मागावा लागतो. २४क्यूच्या मुदती ठरलेल्या आहेत: ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि चौथ्या तिमाहीसाठी ३१ मे. फॉर्म १६ द्यायची तारीख १५ जून. एप्रिलमध्येच २६एएस उघडून शेवटची तिमाही नाही म्हणून घाबरू नका. ती जूनआधी सहसा दिसतच नाही.

२६एएसमध्ये नोंदीसमोर स्थितीचे एक अक्षर असते. F म्हणजे जुळले. U म्हणजे विवरणपत्रातला चलनाचा तपशील बँकेकडच्या भरण्याशी जुळला नाही. अशा वेळी तुमची ओळ बरोबर असते आणि बीएसआर कोड, तारीख किंवा अनुक्रमांक चुकलेला असतो. पत्रात ‘चलनाचा तपशील दुरुस्त करावा’ असे लिहा.

भाग ‘ब’ मधल्या चुका मात्र वेगळ्या जातीच्या. पगाराची फोड, सूट, वजावटी हा सगळा तपशील चौथ्या तिमाहीच्या २४क्यूच्या दुसऱ्या जोडपत्रातून येतो. तो सुधारला तरी २६एएसमधली कराची रक्कम हलत नाही. ढोबळ पगारच चुकीचा असेल, आधीच्या नोकरीचे उत्पन्न दोनदा धरले असेल, तर दुरुस्ती मागा. पण जुन्या प्रणालीत असताना ८०सी ची पावती तुम्ही वेळेवर दिली नाही म्हणून वजावट राहिली, तर त्यासाठी पत्र लिहीत बसू नका. ती रिटर्नमध्ये स्वतः घेता येते.

पत्र कुणाला, कसे

पत्र टीडीएसला जबाबदार असलेल्या व्यक्तीच्या नावे लिहा. भाग ‘अ’ च्या शेवटी प्रमाणित करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा असतो, तोच घ्या. एचआरला प्रत द्या. मेल पाठवा आणि छापील पत्रावर आवक शिक्का घ्या. तो मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. पुढे गरज पडली तर तारखेचा पुरावा लागतो. पगाराचे काम दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयातून होत असेल तर हाच मजकूर इंग्रजीत पाठवा, मांडणी तीच ठेवा.

शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी पत्र आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना लिहावे. तिथे कर पुस्तकी समायोजनाने जमा होतो. त्यामुळे भाग ‘अ’ मध्ये चलनाऐवजी फॉर्म २४जीचा पावती क्रमांक आणि समायोजनाचा तपशील येतो, आणि पत्रातही तोच द्यायचा.

नमुना असा. त्यातला टॅन म्हणजे कर कापणाऱ्या कंपनीचा क्रमांक:

> दिनांक : …
>
> प्रति,
> श्री./श्रीमती … (हुद्दा),
> … (कंपनीचे नाव व पत्ता)
> टॅन : …
>
> विषय : आर्थिक वर्ष २०२४-२५, तिमाही ३, फॉर्म २४क्यूमधील माझ्या कपातीच्या नोंदीत दुरुस्ती करून सुधारित फॉर्म १६ मिळण्याबाबत.
>
> महोदय/महोदया,
>
> मी आपल्या … विभागात … या पदावर आहे. कर्मचारी क्रमांक …, पॅन ….
>
> आपण दिलेल्या फॉर्म १६ (प्रमाणपत्र क्रमांक …) मध्ये व माझ्या २६एएसमध्ये वर्षाचा एकूण टीडीएस ७४,८३० रुपये दिसतो. माझ्या सॅलरी स्लिपांनुसार प्रत्यक्ष कपात ८०,८६० रुपये आहे. तफावत ६,०३० रुपये.
>
> ही तफावत केवळ नोव्हेंबर २०२४ च्या नोंदीत आहे. स्लिपनुसार कपात ६,७०० रुपये, विवरणपत्रातील नोंद ६७० रुपये. फॉर्म १६ नुसार संबंधित चलनाचा बीएसआर कोड …, भरण्याची तारीख …, अनुक्रमांक …. उर्वरित अकरा महिन्यांच्या नोंदी बरोबर आहेत.
>
> विनंती :
> १. या चलनातील माझ्या नोंदीची रक्कम तपासून तिसऱ्या तिमाहीचे दुरुस्ती विवरणपत्र भरावे.
> २. दुरुस्ती विवरणपत्राचा पावती क्रमांक व तारीख मला कळवावी.
> ३. त्यावर प्रक्रिया झाल्यानंतर ट्रेसेसवरून सुधारित फॉर्म १६ (भाग अ व ब) द्यावा.
>
> रिटर्न भरण्याची मुदत लक्षात घेता ही कार्यवाही १५ दिवसांत व्हावी, ही विनंती.
>
> सोबत : फॉर्म १६, २६एएस, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ च्या सॅलरी स्लिपा, नोव्हेंबरचा पगार जमा झाल्याचे बँक विवरण.
>
> आपला/आपली,
> (सही, नाव, मोबाइल)

पहिल्या पत्रात कलमे आणि दंडाचे आकडे घालू नका. समोरचा माणूस बहुतेक वेळा दुरुस्ती करायला तयार असतो, त्याला फक्त कुठली ओळ ते हवे असते. धमकीचा सूर लागला की पत्र लेखा विभागाकडून विधी विभागाकडे जाते आणि तिथे आठवडे मोडतात.

बँक विवरण का जोडायचे? त्या महिन्यात हातात पडलेला पगार ६,७०० कापूनच आला होता, ६७० कापून नव्हे, हे त्यातून दिसते. बाकीच्या नोंदी झाकून फक्त ती ओळ उघडी ठेवली तरी चालते. आधार कार्डाची प्रत देण्याची गरज नाही.

कंपनीकडे पुढे काय होते

हे माहीत असेल तर पाठपुरावा नेमका करता येतो. लेखा विभाग ट्रेसेसवरून त्या तिमाहीची एकत्रित फाइल मागवतो, तुमची ओळ सुधारतो, फाइल तपासणी सॉफ्टवेअरमधून पास करून पुन्हा दाखल करतो. काही दुरुस्त्या डिजिटल सही वापरून थेट ट्रेसेसवरही होतात.

आपल्या उदाहरणात दोन शक्यता आहेत. कंपनीने चलन ६,७०० धरूनच भरले असेल, तर त्या चलनात ६,०३० रुपये न वापरलेले पडून असतात आणि दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही. फोनवर एवढेच विचारा: ‘नोव्हेंबरच्या चलनात शिल्लक दिसते का?’ शिल्लक नसेल तर भरणाच कमी झाला आहे. मग कंपनीला राहिलेली रक्कम नव्या चलनाने भरावी लागते आणि कापून न भरलेल्या कराला महिन्याला दीड टक्का व्याजही पडते. तुमचे काम रेंगाळण्याचे खरे कारण पुष्कळदा हे व्याज असते, फाइल नव्हे.

दुरुस्ती दाखल झाल्याबरोबर २६एएस बदलत नाही. प्रक्रिया व्हायला काही दिवस जातात. पावती क्रमांक मिळाल्यावर आठवड्याने २६एएस उघडा आणि तिसऱ्या तिमाहीत २०,१०० दिसले की मगच सुधारित फॉर्म १६ मागा. घाईत आधीच काढलेला फॉर्म जुन्याच आकड्यांचा निघतो. एआयएस या खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात ‘माहिती चुकीची’ असा अभिप्राय देऊन हे काम होत नाही. कराची नोंद कंपनीच्या विवरणपत्रातूनच बदलते.

दुरुस्तीला काळाची मर्यादाही आहे. नव्या आयकर कायद्यात ज्या वर्षात विवरणपत्र भरायचे होते त्याच्या अखेरीपासून दोन वर्षे, एवढीच मुदत ठेवली आहे. जुनी तफावत ‘बघू नंतर’ म्हणून ठेवण्यासारखी राहिलेली नाही.

रिटर्नची तारीख आली आणि दुरुस्ती झाली नाही तर

दोन वाटा आहेत. २६एएसमध्ये दिसतो तेवढाच कर दाखवून रिटर्न भरायचे, फरकाचे ६,०३० स्वतः भरायचे आणि दुरुस्ती झाल्यावर मुदतीत सुधारित रिटर्न भरून ते परत मागायचे. किंवा प्रत्यक्ष कापलेले ८०,८६० दाखवायचे. मग रिटर्नवर प्रक्रिया करणाऱ्या खात्याच्या बंगळूरूच्या केंद्राकडून कलम १४३(१) ची सूचना येऊन ६,०३० ची मागणी निघण्याची शक्यता धरून चालायचे.

स्लिप आणि बँक विवरण पक्के असेल तर दुसरी वाट आम्हाला सरस वाटते, कारण कर एकदा कापला गेला आहे. आयकर कायदा १९६१ च्या कलम २०५ नुसार पगारातून कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, आणि प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ च्या पत्राने अधिकाऱ्यांना तेच बजावले आहे. पण संगणक ते आपणहून बघत नाही. मागणी आली तर पोर्टलवर मागणीशी असहमती नोंदवा, कंपनीला लिहिलेले पत्र आणि स्लिपा हाताशी ठेवा. दुरुस्ती झाल्यावर पुनर्प्रक्रिया मागा:

```
Services > Rectification > Reprocess the return
```

मागणीकडे दुर्लक्ष करणे मात्र महागात पडते. पुढच्या वर्षीच्या परताव्यातून ती वळती केली जाऊ शकते.

उत्तरच आले नाही तर

पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या. त्यात पहिल्या पत्राची तारीख आणि आवक क्रमांक लिहा. या दुसऱ्या पत्रात कलम २०३ खाली बरोबर प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी आपली आहे, हे एका वाक्यात सांगायला हरकत नाही. तरीही हालचाल नसेल तर ई-फायलिंग पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि कंपनीच्या टॅनचे क्षेत्र ज्या टीडीएस अधिकाऱ्याकडे आहे त्यांना लिहा. ते क्षेत्र पोर्टलवर `Know TAN Details` मध्ये टॅन टाकून कळते. कंपनी पुण्यात आहे म्हणून टीडीएस अधिकारीही पुण्याचाच असेल असे नाही. मुख्यालयाचा टॅन मुंबईचा असला तर पत्र मुंबईला जाते.

नोकरी सोडलेल्यांनी हे पत्र शेवटच्या हिशेबाच्या आधीच दिलेले बरे. त्या काळात लेखा विभागाला तुमच्याकडूनही सह्या हव्या असतात, आणि फोन उचलला जातो.